कॉलनीतल्या लेकरांचं सात दिवसांचं शिबिर : वेळ, माणसं आणि पैसे कसे बसवायचे?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. मी परभणीत वसमत रस्त्याकडच्या एका कॉलनीत राहते. सुट्ट्या लागल्या की आमच्या गल्लीतली लेकरं दिवसभर मोबाईलवर, म्हणून आम्ही चार-पाच बायकांनी मे महिन्यात एक आठवड्याचं शिबिर घ्यायचं ठरवलंय. सहा ते बारा वर्षांची छत्तीस मुलं नक्की झालीत. जागा म्हणजे मारुतीच्या मंदिराचा सभामंडप, वर पत्रा आहे, आणि शेजारी एक मोकळा प्लॉट.

वेळ सकाळी नऊ ते बारा ठरवली आहे. फी अडीचशे रुपये, म्हणजे नऊ हजार जमतील. त्यातून छत्तीस टी-शर्टचे एकशेवीसप्रमाणे ४३२०, मेडल आणि बक्षिसांना १८००, बॅनरला ६००. उरलेल्या २२८० मध्ये खाऊ आणि हस्तकलेचं सामान बसवायचंय. आम्ही पाच जणी आहोत. माणसं पुरतील का? आणि पैशाचं गणित बरोबर वाटतंय का? आधी कुणी केलं असेल तर मोकळेपणानं चुका सांगा.

चिंचेचं झाड

खूप छान! माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. आम्ही छत्रपती संभाजीनगरला असतो, पण मे महिन्यात परभणीला तिच्या मामाकडं येणार आहोत. तिचं नाव कुठं नोंदवायचं? फी ऑनलाइन चालेल का?

दुधनाकाठ

ताई, ही जाहिरात नाही हो, मीच सल्ला मागायलेय. आणि सहाच्या खालची मुलं घ्यायची नाहीत असं ठरलंय.

निवृत्त मास्तर

मी नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. अशी शिबिरं बरीच वर्षं घेतली, आधी शाळेत, आता आमच्या वस्तीत.

ताई, पहिल्यांदा वेळ बदला. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीसच्या पुढं जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. पण सावलीत बसवलं म्हणजे झालं, असं पत्र्याखाली होत नाही. उद्या सकाळी दहा वाजता त्या मंडपात जा, स्टुलावर उभं राहा आणि हात वर करा. धग लागेल. साडेदहानंतर तो पत्रा तव्यासारखा तापतो आणि बाराला मुलं त्याच उन्हातून घरी जाणार. सात ते साडेनऊ ठेवा. पोरं उठत नाहीत असं आईबाप म्हणतील, पण दुसऱ्या दिवसापासून पोरंच आईबापाला उठवतात.

वेळ बदलली की बाकीचं आपोआप जागेवर पडतं. सात ते पावणेआठ मैदानावर खेळ, कारण तेव्हा जमीन गार असते. पावणेआठला हातपाय धुऊन खाऊ. सव्वाआठ ते नऊ मंडपात हस्तकला. नऊ ते सव्वानऊ गोष्ट, आणि शेवटची पंधरा मिनिटं फक्त मुलं घरी सोडायला. ही पंधरा मिनिटं वेळापत्रकात लिहून ठेवा. शिबिरात जे काही चुकतं त्यातलं निम्मं याच वेळात चुकतं.

तुम्ही पाच जणी कमी पडाल. छत्तीस मुलांचे नऊ-नऊचे चार गट करा. प्रत्येक गटात लहानमोठी मिसळा, सगळी सहा वर्षांची एका गटात टाकू नका. गटांना आपल्या नद्यांची नावं द्या : गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा. दर गटावर दहावी-बारावीची परीक्षा झालेली एक ताई किंवा दादा. ही चार पोरं सतत गटासोबतच राहणार, दुसरं काही काम त्यांना सांगायचं नाही. तुम्ही पाच जणी त्यांच्या वर : एक फाटकावर, एक पाणी-खाऊकडं, एक हस्तकलेला, एक गोष्टीला, आणि एक जण मोकळी. ही मोकळी बाई फार महत्त्वाची. कुणाला उलटी झाली, कुणी पडलं, कुणी रडायला लागलं की बाकीचं न थांबता ती जाते.

रानवारा

वेळेचं मास्तरांशी सहमत. पण संध्याकाळी पाच ते सात का नको? आणि उन्हाचं एवढं काय, आमच्या आजीनं सांगितलेला उपाय आहे, प्रत्येक लेकराच्या खिशात एक कांदा ठेवायचा, ऊन बाधत नाही. पाण्याचा प्रश्न असेल तर टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवा, पाणी शुद्ध होतं. खर्च शून्य.

लातूरची लेक

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. रानवारा दादा, तुरटीचं तुमचं अर्धं बरोबर आहे. तुरटीनं गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, पण जुलाबाचे जंतू त्यानं मरत नाहीत. तुरटी फिरवून निवळलेलं पाणी वरवर काढून घ्यायचं आणि मग त्यात क्लोरीनची गोळी टाकायची. एक गोळी किती लिटरला ते पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचायचं, अंदाजानं टाकायची नाही. अर्धा तास झाकून ठेवलं की प्यायला चालतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आम्हाला घरोघरी हेच सांगत फिरावं लागलं होतं.

कांदा ठेवा, त्यानं वाईट काही होत नाही. पण तो आहे म्हणून पाण्याची सुट्टी विसरू नका. लेकरं खेळात असली की तहान लागली म्हणून सांगत नाहीत. दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना चार घोट प्यायला लावायचे.

ऊन लागायला लागलंय हे कसं ओळखायचं ते तुमच्या चारही ताई-दादांना शिकवा. धावणारं पोर एकदम गप्प बसतं, चिडचिड करतं, डोकं दुखतंय किंवा मळमळतंय म्हणतं. एवढ्यावरच त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं मान, काखा, हात पुसा आणि घोट घोट पाणी द्या. मात्र अंग भट्टीसारखं तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय, पेंगतंय किंवा झटका आला, तर तो उष्माघात. १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत वाट बघत न बसता अंगावर पाणी ओतून वारा घालायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आणि ओआरएसबद्दल एक चूक सगळीकडं दिसते. पुडी थोडीशी फोडून ग्लासभर पाण्यात टाकतात आणि उरलेली गुंडाळून ठेवतात. मोठी पुडी असेल तर ती अख्खी एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायची. कमी पाण्यात दाट झालं तर ते उलट अंगातलं पाणी ओढतं.

निवृत्त मास्तर

संध्याकाळचं सांगतो. पाच वाजता जमीन अजून तापलेलीच असते, अनवाणी पोरं पाय उचलून नाचतात. मे महिन्यात वळवाचा पाऊस आणि विजा दुपारनंतरच येतात आणि पत्र्याच्या मंडपात छत्तीस मुलं घेऊन अडकणं नको. वर सातनंतर अंधारात मोकळ्या प्लॉटवर विंचवाची भीती. सकाळीसुद्धा सतरंज्या अंथरण्याआधी उभ्या धरून झटकायच्या, आणि लगोरीसाठी फरशीचे तुकडे, विटा गोळा करायला पोरांना पाठवायचं नाही. ते मोठ्यांनी आदल्या दिवशी उचलून, उलटून पाहून ठेवायचे.

बीडचा बाळू

मी सल्ला द्यायला नाही, आमचं काय झालं ते सांगायला आलोय.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतही असंच शिबिर झालं. मी दोन दिवस मदतीला होतो. शेवटच्या दिवशी आईवडिलांना कार्यक्रमाला बोलावलं होतं. कार्यक्रम संपला, सगळे एकदम उठले, प्रत्येक जण आपलं पोर शोधायला लागला. सात वर्षांच्या एका मुलाची आई फाटकावर उभी, आणि मुलगा नाही. नोंदवहीत एकच फोन नंबर, तो वडिलांचा. वडील ड्युटीवर, फोन बंद. आम्ही विहिरीकडं गेलो, रस्त्याकडं गेलो, मंदिरामागं बघितलं. ती माउली एक शब्द बोलत नव्हती, नुसती त्याची चप्पल हातात धरून उभी होती. चप्पल मंडपाबाहेरच राहिली होती.

पावणेदोन तासांनी कळलं. वर्गातल्या मित्राच्या काकानं दोघांना गाडीवर बसवून घरी नेलं होतं. चांगल्या मनानंच, उन्हात पोर कुठं चालत जाईल म्हणून. पोरगं तिथं कैरी खात बसलेलं. कुणाचीच नियत खोटी नव्हती, पण मी अजून ती चप्पल विसरलो नाही. ताई, टी-शर्ट-मेडलचं नंतर बघा. लेकरू कुणाच्या हातात द्यायचं ते आधी ठरवा.

दुधनाकाठ

बाळूदादा, वाचून हातपाय गार पडले. आमच्या नोंदवहीत पण एकच नंबर घेतलाय. मास्तर, तुम्ही मुलं सोडता कशी ते नीट सांगाल का?

निवृत्त मास्तर

सांगतो. नाव नोंदवतानाच एका पानावर एक मूल घ्या. दोन फोन नंबर, दोन वेगळ्या माणसांचे. न्यायला कोण येणार त्यांची नावं, जास्तीत जास्त तीन. मूल एकटं घरी जाऊ शकतं का, हो असेल तर पालकांची सही. फिट, दमा, कुठल्या खाण्याची ॲलर्जी, चालू औषध. एवढं पुरे.

आता फीत. चार गटांच्या चार रंगांच्या फिती शिवणाच्या दुकानातून घ्यायच्या, वीतभर लांबीचे तुकडे करून प्रत्येकावर शाईनं नंबर घालायचा. फाटकाजवळ छत्तीस खिळ्यांची एक फळी. सकाळी मूल आलं की फाटकावरची बाई त्याची फीत खिळ्यावरून काढून मनगटावर बांधते. जी फीत खिळ्यावर राहिली ते मूल आलेलं नाही. हीच हजेरी. आठ वाजता त्या राहिलेल्या फितींच्या घरी फोन करायचा, मुलगा घरून निघाला होता का विचारायला. हा फोन फार लोक करत नाहीत.

सुटताना गोष्ट संपली तरी कुणी उठायचं नाही. गट आपल्या ताईभोवती बसलेला राहतो. फाटकावरची बाई नाव पुकारते, न्यायला आलेला माणूस वहीतला आहे का बघते, मूल फाटकापर्यंत येतं, तिथं त्याची फीत सोडून डब्यात टाकायची आणि मग मूल बाहेर. वहीत नसलेला माणूस आला, मग तो सख्खा शेजारी असो, तर आईला फोन लागेपर्यंत मूल आत. पहिल्या दिवशी लोकांना राग येतो. शेवटी खिळ्यावरच्या आणि डब्यातल्या मिळून छत्तीस फिती भरल्याशिवाय मदतनीसांपैकी कुणी घरी जात नाही.

तुमच्या पाचही जणींना आणि त्या चार पोरांना शनिवारी दोन तास बोलावून हे सगळं एकदा खोटंखोटं करून बघा. अजून एक नियम त्याच दिवशी सांगा. कुठलाही मोठा माणूस, ताई असो की दादा असो की मी असो, एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत किंवा नजरेआड जाणार नाही. लघवीला दोन मुलं मिळून जातील आणि ताई बाहेर दिसेल अशी उभी राहील. कुणा मुलानं काही वावगं सांगितलं तर ते कॉलनीत बसून मिटवायचं नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे.

चिंचेचं झाड

माझ्या आधीच्या प्रश्नाबद्दल माफ करा ताई. पण एक मनात आलं. सुट्टीत माझ्यासारखे पाहुणे सगळ्यांकडंच येतात. तिसऱ्या दिवशी कुणाचे तरी भाचे-भाच्या येऊन उभ्या राहिल्या तर तुम्ही काय करणार? आमच्या सोसायटीत तीसची पंचेचाळीस झाली होती.

निवृत्त मास्तर

हा प्रश्न लाखातला. दरवर्षी होतं. मी चार जागा आधीच रिकाम्या ठेवतो, म्हणजे तुम्ही छत्तीस म्हणताय तिथं बत्तीस घेतली असती. आता छत्तीस पक्की असतील तर पाहुण्यांना नाही म्हणा, आणि हे फी घेतानाच सांगा. फाटकावर उभं राहून रडणाऱ्या लेकराला परत पाठवणं कुणालाच जमत नाही. म्हणून आधी सांगायचं.

रानवारा

फितीचं आवडलं, पण पोरं खेळताना गाठ सोडणार की! आमची तर नक्की सोडतील. मग तुमचा हिशोब कसा जुळणार?

निवृत्त मास्तर

सोडतात. म्हणून वहीतली खूणही सोबत ठेवायची. सुटलेली फीत गटाच्या ताईनं खिशात ठेवायची आणि फाटकावर तिनंच द्यायची. तरी एखादी हरवते आणि त्या दिवशी वहीवरच भरवसा ठेवावा लागतो. याला पक्का उपाय मला सापडला नाही.

दुधनाकाठ

आज आम्ही बसून पैशाचं पुन्हा मांडलं. टी-शर्ट, मेडल, बॅनर तिन्ही काढून टाकलं. पाच घरं अशी आहेत की अडीचशे देणं जड जाईल, त्यांची फी घ्यायची नाही. वहीत सगळ्यांसमोर ‘जमा’ असंच लिहिणार, कोण भरलं कोण नाही ते फक्त मला माहीत. म्हणजे एकतीस मुलांचे ७७५० आले.

खाऊ पंचेचाळीस जणांना धरला, मुलं आणि आम्ही. माणशी रोज बारा रुपये, सात दिवसांचे ३७८०. पाण्याचे वीस लिटरचे दोन जार रोज, तीस रुपयांना एक, म्हणजे ४२०. हस्तकलेला १३००. औषधपेटी आणि ओआरएस ५००. मंदिराला लाईट आणि झाडलोटीचे ५००. एकूण ६५००, हातात राहिले १२५०. त्यातले साडेसहाशे अडीअडचणीला आणि सहाशे त्या चार पोरांच्या शेवटच्या दिवशीच्या जेवणाला. बरोबर आहे का?

आमच्यातल्या एक काकू म्हणायल्यात की फी घेतलीच नाही पाहिजे, वर्गणी काढू. माझं मत उलट आहे, पैसे भरले की लोक पोराला वेळेवर पाठवतात.

लातूरची लेक

बारा रुपयांत नीट बसतं. फुटाणे-गूळ, केळं, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, मटकीची उसळ असं फिरतं ठेवा. उसळ सकाळीच करून गरम असतानाच संपवायची. रात्री केलेली नाही, ताक-दुधाचं काही नाही, बर्फाचा गोळा तर अजिबात नाही, कारण तो बर्फ कुठल्या पाण्याचा ते आपल्याला कळत नाही. शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी आहे का ते वहीत बघून मगच चिक्की. आणि जारचं पाणी थंड आहे म्हणून शुद्धच आहे असं धरू नका, त्यातही क्लोरीनची गोळी घाला.

फीबद्दल मी काकूंच्या बाजूनं. पाच घरांची फी माफ केली हे कॉलनीत लपत नाही.

रानवारा

हस्तकलेचं मी सांगतो, त्यात मला कळतं. कागद-पुठ्ठ्यापेक्षा कडब्याची ताटं आणा. रब्बीची ज्वारी निघालेली आहे, कुणाही शेतकऱ्याकडं पेंढ्या मिळतील. चिपाडाची बैलगाडी करायला शिकवा. बाहेरची साल सोलून काढायची, आतला पांढरा गाभा तोडून त्याची चाकं, साटा, जू. सालीच्या बारीक काड्या करून त्यानंच टोचून जोडायचं. गोंद नाही, खिळा नाही, खर्च नाही. चार पेंढ्यांत छत्तीस गाड्या सहज होतील.

कागदाचं काही चिकटवायचं असेल तर मैद्याची खळ घरी शिजवा, आणि त्यात चिमूटभर मोरचूद टाका म्हणजे आठवडाभर टिकते, किडे लागत नाहीत.

निवृत्त मास्तर

बैलगाडी फार चांगली सुचवलीत, मी स्वतः तेच करून घेतो. पण मोरचूद नको रे बाबा! ते विष आहे. पुस्तकं बांधणारे घालायचे, तेव्हा त्यांची बोटं तोंडात जात नव्हती. सहा वर्षांचं पोर खळ लावता लावता बोट चाखतंच. रोज सकाळी अर्धी वाटी मैद्याची ताजी खळ शिजवा, उरली तर टाकून द्या. या उन्हात ती दुसऱ्या दिवशी आंबतेच.

आणि चिपाडाची साल वाळली की ब्लेडसारखी कापते. लक्षात येत नाही, रक्त आलं की कळतं. माझ्या पहिल्या वर्षी एका तासात सहा बोटं कापली होती. तेव्हापासून ताटं आदल्या रात्री ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो, साल लवचीक होते आणि ओढली की लांब पट्टी निघते. सोलायचं काम ताई-दादांचं आणि दहाच्या वरच्या मुलांचं, तेही आपल्या अंगापासून दूर ओढून. लहानांना सोललेला गाभा आणि तयार काड्या द्यायच्या. चाकं कापायला ब्लेड एकच, ते हस्तकलेच्या बाईच्या हातात, आणि तास संपला की तिच्याच डबीत. एका दिवसात गाडी होत नाही. पहिल्या दिवशी चाकं आणि आस, दुसऱ्या दिवशी साटा आणि जू, तिसऱ्या दिवशी बैल. पोरं त्या बैलासाठी येतात.

बीडचा बाळू

गोष्टीला कुणी आजी मिळते का बघा. आमच्याकडं एक आजी यायच्या, वाचून नाही, तोंडानं सांगायच्या, आमच्याच बोलीत. राक्षस दारात आला की थांबायच्या आणि म्हणायच्या, “आता उद्या.” लेकरं हट्ट करायची, पण दुसऱ्या दिवशी सातला हजर.

दुधनाकाठ

मंडळी, शिबिराचे तीन दिवस झाले, म्हणून सांगायला आले. वेळ सात ते साडेनऊच केली. पहिल्या दिवशी फाटकावर एका आजोबांचा आवाज चढला, नातवाला न्यायला आले होते आणि वहीत नाव नव्हतं. सूनबाईंचा फोन लागायला सात मिनिटं लागली, तोपर्यंत त्यांना खुर्ची आणि पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच वहीत नाव लिहायला लावून गेले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता दोन फिती खिळ्यावर होत्या. एका घरी फोन केला तर पोरगी घरून पावणेसातलाच निघाली होती. धावत गेलो, ती कोपऱ्यावर मांजरीच्या पिलांजवळ बसलेली होती. मास्तर, तुमच्या त्या एका फोनसाठी मी आयुष्यभर ऋणी आहे.

अडचण एकच. लग्नसराईमुळं पूर्णा गटाची ताई उद्यापासून दोन दिवस नाही, आणि ऐनवेळी कुणी मिळालं नाही.

निवृत्त मास्तर

मग उद्या आणि परवा मैदान बंद. तीनच माणसांवर चार गट पळवू नका. पूर्णाची नऊ मुलं बाकीच्या तिघांत तीन-तीन वाटा, फितीचा रंग तोच राहू द्या म्हणजे मोजताना गोंधळ नाही. खेळ मंडपातच घ्या, मामाचं पत्र हरवलं, आंधळी कोशिंबीर, जे गोलात बसून किंवा आखलेल्या चौकटीत होतं ते. मोकळी बाई मोकळीच ठेवा, तिला गटावर बसवू नका.

दुधनाकाठ

ठीक आहे मास्तर, तसंच करते. ताटं आताच ओल्या पोत्यात घालून आले. उद्या बैल करायचेत.